‘बघते’ म्हणून झालं, आता नकार आणि दुसरं नाव कसं कळवायचं?

*मी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. बारा वर्षं विहिरी आणि बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडवर काम करते आहे. शेजारच्या तालुक्याच्या व्याख्यानमालेत 24 जानेवारीला ‘आपल्या तालुक्याचं पाणी : किती आणि कसं?’ असा परिसंवाद आहे, त्याचं बोलावणं आलंय. कार्यवाह माझ्या यजमानांचे शाळेतले सर. फोनवर मी ‘बघते’ म्हणाले. पण तेव्हा दोन दिवस मी बहिःस्थ परीक्षक म्हणून बाहेरगावी असणार. शिवाय भूजलपातळी, पाऊसमान हा माझा विषयच नाही, तिथे कुणी प्रश्न विचारला तर पंचाईत. नाही म्हटलं तर सरांना वाईट वाटेल आणि पुन्हा कधी बोलावणार नाहीत, असं वाटतं. दोन नावं डोक्यात आहेत. एक भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, मोठं नाव. दुसरी माझ्याकडेच पीएच.डी. झालेली मुलगी, काम फार चांगलं, पण बोलायला बुजते. दोघांचेही नंबर सरांना देऊन मोकळी होऊ का?*
*– एक प्राध्यापिका*

नंबर देऊन मोकळ्या होऊ नका. पण त्याआधी सरांना आजच फोन करा, कारण ‘बघते’ हा शब्द तुमच्या मनात एक आहे आणि त्यांच्या वहीत दुसराच.

वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं नाही, म्हणून आपण ‘बघते’ म्हणतो. ऐकणारा कार्यवाह मात्र तो होकारात जमा करतो. तो बैठकीत सांगतो, ‘बाईंशी बोलणं झालंय, येतील बहुतेक.’ मग कच्च्या पत्रिकेत तुमचं नाव पडतं. सूत्रसंचालकाला कळवलं जातं आणि दुसऱ्या वक्त्याला ‘तुमच्याबरोबर अमक्या आहेत’ असंही सांगून होतं. तुम्ही नकार कसा द्यायचा याचा विचार करत असता, तेव्हा तिकडे तुमचा होकार पक्का होत असतो. त्यामुळे नकार किती नम्र आहे यापेक्षा तो कधी पोचला, याला जास्त महत्त्व आहे.

24 जानेवारीचा कार्यक्रम असेल तर निमंत्रणपत्रिका निदान दोन आठवडे आधी वाटायला हवी. म्हणजे मजकूर डिसेंबरअखेर किंवा जानेवारीच्या पहिल्या दोन-चार दिवसांत छापखान्यात जाणार. त्याआधी तुमचं नाही पोचलं, तर सरांना एक ओळ बदलावी लागेल. छपाईनंतर पोचलं, तर पत्रिका आणि फ्लेक्स पुन्हा करावे लागतील, किंवा तुमच्या नावावर दुसऱ्या नावाची पट्टी चिकटवावी लागेल. आणि ती पट्टी जिच्या नावाची असेल, तिला ती सभागृहाच्या दारातच दिसेल. तुम्हाला दुसरं नाव सुचवायचं आहे, म्हणून तर छपाईची तारीख तुमच्यासाठी कार्यक्रमाच्या तारखेइतकीच महत्त्वाची आहे. फोनवर ती विचारून घ्या.

‘पुन्हा बोलावणार नाहीत’ ही भीती जरा तपासून पाहा. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पुढे गावोगावी अशा माला उभ्या राहिल्या, आणि तालुक्याच्या ठिकाणी त्या आजही बहुतेक पदरमोड करणारी चार माणसंच चालवतात. अशा माणसांच्या लक्षात राहतो तो ऐनवेळी न आलेला वक्ता, किंवा आठवडाभर फोन न उचलणारा. महिनाभर आधी स्पष्ट नाही सांगून कामाचं एक नाव देणाऱ्या बाईंचा नंबर ते जपून ठेवतात. तुमच्या ‘बघते’ला मात्र रोज थोडं थोडं व्याज चढतंय.

आता नकाराच्या कारणाकडे येऊ. पत्रात तुम्ही दोन कारणं एकत्र लिहिली आहेत. तारीख अडचणीची आहे, आणि अर्ध्या विषयाबद्दल खात्री नाही. फोनवर यांतलं फक्त पहिलं सांगण्याचा मोह होईल, कारण ते निर्विवाद आहे. पण सर म्हणाले, ‘एवढंच ना? मग आपण परिसंवाद 26 ला घेऊ,’ तर? सभागृह आणि बाकीचे वक्ते मोकळे असतील तर ते हे खरंच करू शकतात. तेव्हा तुम्हाला दुसरं कारण बाहेर काढावं लागेल आणि पहिलं बहाण्यासारखं वाटू लागेल. म्हणून फोन लावण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर स्वतःला द्या: तारीख बदलली तर जाणार का?

जाणार असाल तर तसं सरळ सांगा आणि स्वतःच्या दोन तारखा द्या. मग दुसऱ्या नावाचा विषयच नाही. जाणार नसाल तर तारखेआड लपू नका. ‘24 ला मी परीक्षेच्या कामाला बाहेर आहे, आणि दुसऱ्या दिवशीही यंदा मला जमणार नाही,’ एवढं पुरे. परीक्षेचं गाव, केंद्र, कुणाचा आग्रह, घरचं कार्य हे काहीही जोडू नका. कारण जितकं लांबतं तितकं ऐकणारा त्यातून वाट काढायला बसतो.

विषयाबद्दलच्या तुमच्या शंकेत मात्र मला काहीतरी निसटल्यासारखं वाटतं. परिसंवादाचं शीर्षक पुन्हा वाचा. त्यात ‘किती’ आणि ‘कसं’ असे दोन प्रश्न आहेत. ‘किती’ म्हणजे विहिरींची पातळी, पाऊस, उपसा, पुनर्भरण. ‘कसं’ म्हणजे ते पाणी पिण्याजोगं आहे की नाही, त्यात फ्लोराइड, नायट्रेट, क्षार किती. फ्लोराइडवर बारा वर्षं काम केलेल्या बाईंना बोलावलंय ते उघडच ‘कसं’साठी. पातळीबद्दल तुम्ही बोलावं अशी कुणाची अपेक्षा असेल असं वाटत नाही. हे मी तुमचा नकार बदलावा म्हणून सांगत नाही. तुमच्या जाण्याने परिसंवादातली नेमकी कोणती खुर्ची रिकामी होते, ते कळल्याशिवाय योग्य नाव सुचवता येणार नाही, म्हणून सांगते.

नाव सुचवताना बहुतेकांची चूक इथेच होते. आपण आपल्यासारखा माणूस शोधतो, किंवा आपल्यापेक्षा मोठा, म्हणजे आयोजकांना कमी मिळाल्यासारखं वाटू नये. खरं तर खुर्चीला बसणारा माणूस शोधायला हवा. त्यासाठी सरांना फोनवर चार गोष्टी विचारा: बाकीचे वक्ते कोण, सूत्रसंचालक कोण, एकेकाला वेळ किती, आणि समोर कोण बसणार. समजा, सर म्हणाले की भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातले भूवैज्ञानिक आहेत आणि पाणलोटाचं काम केलेले एक कार्यकर्ते आहेत. हे दोघेही ‘किती’ची माणसं. आता तुम्ही तुमचे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक सुचवलेत तर व्यासपीठावर तिघंही पातळी आणि पाणलोटावर बोलतील. शीर्षकातलं ‘कसं’ पत्रिकेवरच राहील. प्राध्यापकांचं नाव मोठं आहे म्हणून समिती आनंदाने हो म्हणेल, आणि घरच्या बोअरचं पाणी मुलांना द्यावं की नाही हे विचारायला आलेली बाई उत्तर न मिळता परत जाईल.

म्हणून माझ्या मते नाव तुमच्या विद्यार्थिनीचं द्यावं. प्राध्यापक योग्य ठरतील तो प्रसंग वेगळा: बाकीचे दोघं आरोग्य किंवा पाणीपुरवठ्याच्या बाजूचे निघाले, किंवा परिसंवादाला अध्यक्ष हवा असेल, तर त्यांचं नाव पुढे करा.

आणि दोन नावं एकदम देऊ नका. दोन नावं हातात पडली की समिती आधी मोठ्या नावाला फोन करते. तिथून नकार आला की दुसऱ्या नावाला, आणि तेही बहुधा ‘सर येऊ शकत नाहीत म्हणून तुम्हाला विचारतोय’ अशा सुरुवातीने. कधी दोन सदस्य दोघांना एकाच दिवशी फोन करतात आणि दोघंही हो म्हणतात. मग एकाला नाही म्हणायची वेळ येते, आणि त्याचं नाव तर तुम्ही दिलेलं असतं. एक नाव द्या, दुसरं मनात ठेवा. पहिलं जमलं नाही असं सरांनी कळवलं तरच दुसऱ्याला विचारून ते पुढे करा.

पण ‘नाव द्या’ म्हणजे आधी तिला विचारा. तिचा नंबर तिच्या परवानगीशिवाय पुढे गेला, तर अनोळखी कार्यवाहांचा फोन येईल, ‘तुमच्या बाईंनी सांगितलंय’ असं ते म्हणतील, आणि बुजणारी मुलगी त्या क्षणी हो म्हणून बसेल. तुम्ही तिच्या मार्गदर्शक होता, त्यामुळे तुम्ही विचारलंत तरी तिला नाही म्हणणं सोपं नाही. नकाराची वाट तुम्हीच तिला उघडी करून द्यायला हवी. तिला फोनऐवजी संदेश पाठवा, म्हणजे विचार करायला तिला वेळ मिळेल. साधारण असा:

> 24 जानेवारीला संध्याकाळी शेजारच्या तालुक्याच्या व्याख्यानमालेत पाण्यावर परिसंवाद आहे. मला बोलावलं होतं, मी जाऊ शकत नाहीये. पाण्याच्या गुणवत्तेची बाजू तिथे तू नीट मांडशील असं मला वाटतं, म्हणून तुझं नाव सुचवू का, हे विचारतेय. अजून त्यांनी तुला बोलावलेलं नाही, आणि मी सुचवल्यावर ते बोलावतीलच असंही नाही. तीन वक्ते, प्रत्येकी बारा ते पंधरा मिनिटं, नंतर प्रश्न. मराठीत बोलायचं. मानधन आणि येण्याजाण्याचा खर्च देतात. नको वाटलं तर ‘नको’ एवढंच लिही, कारण विचारणार नाही. परवा संध्याकाळपर्यंत कळव, म्हणजे मला सरांना सांगता येईल. तू हो म्हणालीस तरच तुझा नंबर देईन.

यातलं ‘अजून बोलावलेलं नाही’ हे वाक्य कितीही अवघड वाटलं तरी गाळू नका. ते नसलं की ती आईला सांगते, तयारीला लागते, आणि आठवड्याने समितीने दुसराच वक्ता ठरवलेला असतो. आणि ‘माझ्याऐवजी जा’ किंवा ‘माझ्या जागी’ असं तिला लिहू नका. ती तिच्या कामासाठी जाणार आहे, हे पहिल्याच निरोपात तिला कळलं पाहिजे.

ती बुजते म्हणता, तेव्हा नेमकं काय होतं ते आठवून पाहा. गप्पांत गप्प बसणारी, पण आपल्या कामाबद्दल विचारलं की सलग दहा मिनिटं सांगणारी माणसं असतात. त्यांना परिसंवाद जमतो, उलट पन्नास मिनिटांचं एकटीचं व्याख्यान जड जातं. इथे वेळ मर्यादित आहे आणि प्रश्नांच्या वेळी शेजारी दोन माणसं आहेत. तिने पीएच.डी.ची मौखिक परीक्षा बाहेरच्या परीक्षकांसमोर दिली आहे, ती कशी दिली हे तुम्ही पाहिलं आहे. त्या दिवशी तिचा आवाजच निघत नव्हता, असं असेल तर आग्रह नको. आवाज हळू होता पण उत्तरं सुटी आणि नेमकी होती, तर अडचण माइकने सुटेल.

तिच्यासाठी बारा मिनिटांचा हिशेब मी असा मांडेन. दीड तासाच्या परिसंवादात दीपप्रज्वलन, स्वागत आणि परिचयात पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. प्रश्नांना वीस ठेवली आणि आभार धरले, तर तिघांच्या वाट्याला पंचेचाळीस मिनिटं उरतात, आणि पहिला वक्ता हमखास वाढवतो. म्हणून तिने बारा मिनिटांचीच तयारी करावी आणि नऊ मिनिटांत संपेल अशी एक जागा मनात ठरवून ठेवावी. पडद्यावरची चित्रं नसली तरी चालेल. तिने पाण्याच्या दोन बाटल्या न्याव्यात. एका बाटलीत मर्यादेतलं पाणी, दुसरीत मर्यादेबाहेरचं. दोन्ही सारखीच स्वच्छ दिसतात, कारण फ्लोराइडला रंग, वास, चव काही नाही, आणि हे लोकांना समोर पाहूनच पटतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेता येतं. एवढे दोन आकडे पुरेत. आणि पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं. घरातल्या बाईला सर्वांत उपयोगी पडेल असं हेच वाक्य आहे, ते तिने सुरुवातीलाच सांगावं. हा आराखडा तिला सांगायला हरकत नाही, पण पडद्यावर दाखवायची तुमची तयार चित्रं आणि टिपणं देऊ नका. दुसऱ्याच्या क्रमाने बोलणारा माणूस पहिल्या अवघड प्रश्नाला अडखळतो.

आता सरांकडे. आजच्या फोनमध्ये फक्त नकार द्या. नाव देऊ नका, कारण तिचा होकार अजून आलेला नाही. ‘सर, मी बघते म्हणाले होते, पण मला यंदा जमणार नाही. उशीर नको म्हणून लगेच सांगतेय. गुणवत्तेच्या बाजूने बोलू शकेल असं एक नाव माझ्या मनात आहे. विचारून तीन दिवसांत कळवते, चालेल का?’ बोलण्यात ‘जमणार नाही’ हे शब्द आलेच पाहिजेत. ‘जरा अवघड दिसतंय’ म्हणालात की सर म्हणतील, ‘अवघड असलं तरी बघा की हो,’ आणि तुम्ही पुन्हा पहिल्या जागी.

सर आग्रह करतील. ‘अर्धा तास येऊन जा’, ‘अध्यक्षपद तरी घ्या’, ‘तुमच्या यजमानांना मी सांगतो’. यावर नवं कारण काढू नका, तेच वाक्य पुन्हा म्हणा: ‘नाही सर, यंदा जमणार नाही. नाव मात्र नक्की कळवते.’ दुसऱ्या खेपेला विषय नावाकडे वळतो. तुमच्या यजमानांना घरी आधीच सांगून ठेवा, म्हणजे सरांचा फोन तिकडे गेला तर ते परस्पर हो म्हणून बसणार नाहीत.

तिचा होकार आला की लेखी संदेश पाठवा. फोनवर झालेलं बोलणं समितीपर्यंत पोचत नाही, संदेश मात्र सर जसाच्या तसा गटावर टाकतात. तेव्हा तो लिहितानाच दहा अनोळखी माणसं वाचणार आहेत असं धरा. तिच्या बुजरेपणाबद्दल, मानधनाच्या घासाघिशीबद्दल, बाकीच्या वक्त्यांबद्दल त्यात अक्षरही नको. मी असा लिहीन:

> आदरणीय सर, सप्रेम नमस्कार.
> 24 जानेवारीच्या परिसंवादाला मी येऊ शकत नाही, हे फोनवर सांगितलं होतं. आठवणीने बोलावलंत याबद्दल आभार.
> ‘कसं’ या बाजूसाठी डॉ. … यांचं नाव सुचवते. त्यांनी आपल्याच भागातल्या विहिरी आणि बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडवर पीएच.डी. केली आहे. गावात जाऊन नमुने घेणं, तपासणं आणि घरच्यांना निकाल समजावून सांगणं हे काम त्यांनी स्वतः केलं आहे. कोणतं पाणी प्यावं, कोणतं फक्त वापरावं आणि तपासणी कुठे करून घ्यावी, यावर त्या मराठीत सोपं बोलतील. भूजलपातळी हा त्यांचा विषय नाही.
> त्यांना विचारलं आहे. 24 ची संध्याकाळ त्यांना मोकळी आहे आणि नंबर द्यायला त्यांची हरकत नाही: …
> निर्णय अर्थातच समितीचा. छपाईच्या आधी त्यांना हो किंवा नाही कळवलंत तर बरं होईल. ठरल्यास पत्रिकेसाठीचा परिचय त्या स्वतः पाठवतील.

शिफारशीचा मजकूर तीनच गोष्टींचा आहे: तिने काय केलं, ती कशावर बोलेल, कशावर बोलणार नाही. ‘अतिशय हुशार, अभ्यासू, उत्तम वक्त्या’ ही विशेषणं समितीच्या काही कामाची नाहीत, कारण ती प्रत्येक परिचयात असतात. ‘भूजलपातळी हा त्यांचा विषय नाही’ हे वाचून सूत्रसंचालक तो प्रश्न दुसऱ्याकडे वळवेल, म्हणजे जी पंचाईत तुम्हाला स्वतःची वाटत होती ती तिची होणार नाही. तिचं व्याख्यान तुम्ही ऐकलेलं नसेल तर ‘उत्तम वक्त्या’ लिहूच नका. काम पाहिलं असेल तर कामाबद्दल लिहा.

‘पुढच्या वर्षी नक्की येईन’ असं शेवटी लिहायची सवय असते. पुढच्या वर्षी खरंच जाणार असाल तरच लिहा, कारण सर ते वहीत टिपून ठेवतील.

एक-दोन गोष्टी फोनवर सांगण्याच्या आहेत, लिहिण्याच्या नाहीत. मानधन आणि प्रवासाची जी व्यवस्था तुम्हाला सांगितली होती, तीच तिला राहील ना, हे सरांना थेट विचारा. वक्ता तरुण असला की पाकीट आपोआप हलकं होतं. कुणाच्या मनात वाईट असतं असं नाही, पण कुणी विचारतही नाही. कार्यक्रम संध्याकाळचा आहे, तो संपून जेवण होईपर्यंत दहा वाजतील. त्या वेळी तालुक्याहून परतीची एसटी मिळेल का, नसेल तर गाडी की मुक्काम, हेही तुम्हीच विचारा. पहिल्यांदा जाणारी मुलगी हा प्रश्न स्वतः विचारणार नाही.

दुसरं आहे परिचयाचं. व्यासपीठावर ‘मॅडमना येता आलं नाही, म्हणून त्यांनी आपल्या विद्यार्थिनीला पाठवलं आहे’ असा परिचय झाला, तर ती बोलायला उभी राहण्याआधीच तिचं वजन कमी होतं. सूत्रसंचालक हे मुद्दाम करत नाही. तुमच्याबद्दल आदर दाखवण्यासाठीच तो तसं म्हणतो. सरांना आधी सांगून ठेवा की परिचयात माझं नाव नको. तिलाही सांगा, की ‘बाईंच्या जागी मी आले, काही चुकलं तर समजून घ्या’ अशी सुरुवात करू नकोस.

संदेश गेल्यावर बाजूला व्हा. चार-पाच दिवसांत सरांकडून काही आलं नाही तर एकदाच विचारा, ‘त्यांच्याशी बोलणं झालं का? नसेल ठरलं तर तसं त्यांना सांगते.’ समितीने दुसरा वक्ता घेतला असेल तर ते तुम्हीच तिला त्याच दिवशी कळवा, कारण समिती न निवडलेल्या माणसाला क्वचितच कळवते. ठरलं तर पुढचे फोन तिचे आणि सरांचे. तिने आमंत्रण घेतल्यावर सर पुन्हा तुम्हाला ‘त्यांना जरा असं बोलायला सांगा’ म्हणतील. तेव्हा ‘सर, तुम्हीच त्यांच्याशी बोला’ म्हणा. एकदा निरोप पोचवलात की कार्यक्रमापर्यंत तो तुमच्याच मार्फत जात राहील.

‘नाव लोकांना माहीत नाही, गर्दी होणार नाही,’ असं सर म्हणाले तर रागावू नका, त्यांना खुर्च्या भरायच्या असतात. त्यांना सुचवा की पत्रिकेत तिच्या नावाखाली पदव्यांऐवजी विषय लिहा: ‘आपल्या बोअरचं पाणी प्यावं का?’ तिच्या अभ्यासात त्याच तालुक्यातली गावं असतील तर त्यांचाही उल्लेख करा. स्वतःच्या गावाचं नाव पत्रिकेत दिसलं की त्या गावचे लोक येतात. फक्त कुणाच्या विहिरीचं किंवा घराचं नाव जाहीर होऊ देऊ नका. ते नमुने तिला विश्वासाने दिलेले आहेत.

अशाच कोंडीत असलेल्या इतर वाचकांसाठी एक वेगळी बाब. तुमच्या पत्रातलं कारण स्वच्छ आहे, म्हणून नाव सुचवण्यात गैर काही नाही. पण जिथे वक्त्याला नीट वागवत नाहीत, ठरलेलं मानधन देत नाहीत किंवा परिसंवादाच्या नावाखाली कुणा पुढाऱ्याची सभा होते, अशी तुमची माहिती असेल आणि म्हणून तुम्ही नकार देत असाल, तर दुसऱ्याचं नाव देऊच नका. द्यायचंच असेल तर त्या माणसाला खरं कारण आधी सांगा. तसंच नाव घरातल्या माणसाचं असेल तर नातं त्याच ओळीत लिहा. समितीला ते नंतर कळलं तर तुमच्या पुढच्या शिफारशीही कुणी मनावर घेत नाही. आणि नजरेसमोर योग्य नाव नसेल तर नुसता नकार पुरतो. नाव द्यायलाच हवं असं आयोजकांनी मागितलेलं नसतं, ते ओझं आपणच घेतो. अशा वेळी ‘जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत चौकशी करून पाहा’ एवढी दिशाही उपयोगी पडते.

तुमच्या बाबतीत क्रम एवढाच आहे: आज सरांना फोन, आजच मुलीला संदेश, तिसऱ्या दिवशी सरांना लेखी निरोप. ती ‘नको’ म्हणाली तर प्राध्यापकांना लगेच विचारू नका. बाकीचे वक्ते कोण आहेत ते सरांनी सांगितलेलं असेलच, तेव्हा आधी ‘कसं’वर बोलणारं तिसरं कुणी आठवतं का पाहा. तुमच्याच विभागात पाण्याचे नमुने तपासणारे एखादे प्रयोगशाळा सहायक असतील, ज्यांना गावोगावचे लोक बाटली घेऊन शोधत येतात. व्याख्यानमालेत त्यांना अजून कुणी बोलावलेलं नसेल.